मूठभर मीठ आणि माझी सही

मी आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकाच सहीला चौकट मिळाली, काच मिळाली आणि झेंडूचा हार मिळाला. त्या कागदावर इंग्रजीत आणि मराठीत लिहिलं होतं की, या यंत्रातलं पाणी शुद्ध असून त्यात क्षारांचं प्रमाण नगण्य आहे. खाली माझं नाव आणि हुद्दा, प्रयोगशाळा सहायक.

साठचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरातल्या एका कापड गिरणीत बॉयलरचं पाणी तपासायच्या कामावर होतो. पाण्यात क्षार जास्त झाले की बॉयलरच्या नळ्यांना आतून थर चढतो, म्हणून रोज सकाळी पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यात पिवळ्या क्रोमेटचा थेंब टाकायचा आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. मीठ आहे तोवर पाणी पांढुरकं होत राहतं. मीठ संपलं की विटकरी लाल होतं. किती सिल्व्हर नायट्रेट लागलं त्यावरून मीठ किती ते कळतं. शहाण्या माणसाने करावं असं हे काम होतं. थेंब मोजा, आकडा लिहा, घरी जा.

आमच्या गिरणीत उन्हाळा दोन जातींचा असे. एक बाहेरचा, तो सगळ्या नागपूरचा. दुसरा आतला. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून मागांच्या खात्यात हवेत मुद्दाम पाणी फवारून ओल धरलेली असायची. त्या ओलीत घाम वाळत नसे, नुसता गळे. आणि सायझिंगमध्ये, म्हणजे जिथे ताणीचं सूत खळीतून काढून वाफेने तापलेल्या मोठ्या पिंपांवर वाळवतात तिथे, माणूसही सुताबरोबर वाळत असे. तिथल्या लोकांच्या काळ्या बंड्यांवर दुपारपर्यंत पांढरे नकाशे उमटायचे. ते मीठ होतं. मी ते रोज बघत होतो, आणि मीठ मोजायचा पगार घेत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही.

खात्याच्या दाराशी तीन माठ होते आणि माठांशी एक मावशी. वय पन्नाशीच्या पुढे, हातात लांब दांड्याचं पितळी ओगराळं. ती ओंजळीत वरून पाणी ओतायची. सगळ्यांनाच वरून, पण काही जणांना जरा जास्त वरून. कायदा बदलला होता, ओगराळ्याचा दांडा तेवढाच लांब होता. उन्हाळ्यात ती पदराखालून कैरीच्या फोडीही काढायची, मिठात घोळलेल्या. पाणी प्यायला आलेल्याच्या हातावर एक फोड ठेवायची, तीही वरूनच.

सायझिंगमध्ये त्या वर्षी एप्रिलात एक जण घडीच्या खात्यातून बदलून आला. तिशीतला, उंच, मोजकं बोलणारा. त्याच्या घरच्यांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली त्याला बारा वर्षं होत आली होती. तो माठाशी कधी उभा राहिला नाही. घरून बाटली आणायचा, ती संपली की बॉयलरच्या अंगणातल्या नळाला तोंड लावायचा. मी तिथे नमुने घ्यायला जात असे, तिथेच आमची ओळख झाली.

"हे पाणी पिऊ नका," मी एकदा म्हणालो. "बॉयलरसाठी आहे."

"बॉयलर पिते तं मीबी पितो," तो म्हणाला. "त्याले कोणी वरून ओतत नाही."

त्यानेच अर्ज केला होता. कामगारांसाठी नळाचं थंड पाणी पाहिजे, प्रत्येकाने आपल्या हाताने घ्यायचं. दोन वर्षं तो अर्ज दर महिन्याला पुन्हा देत होता, त्याच शब्दांत. युनियनने सोडून दिलं तरी त्याने सोडलं नाही. शेवटी वेल्फेअर ऑफिसरने मला बोलावून माठांचं पाणी तपासायला सांगितलं. माठ गिरणीच्या विहिरीवरून भरत. विहिरीपर्यंत कोण जाणार, म्हणून मी माठातूनच नमुना घेतला. मीठ इतकं निघालं की मी दोनदा तपासलं. मग अहवाल दिला, विहिरीचं पाणी खारट आहे, पिण्यास योग्य नाही. ऑफिसर खूश झाले. त्यांना वरिष्ठांकडून यंत्र मंजूर करून घ्यायला कारण हवं होतं, ते मी शास्त्रोक्त पद्धतीने पुरवलं.

थंड पाण्याच्या कूलरचं उद्घाटन मेच्या आरंभी झालं. मांडव घातला, सनई वाजली. संचालकांपैकी एक जण मोटारीतून आले, त्यांनी फीत कापली, चांदीच्या पेल्यातून दोन घोट घेतले आणि जलदानाच्या पुण्यावर वीस मिनिटं बोलले. भाषण होईपर्यंत कोणालाही पाणी प्यायची परवानगी नव्हती. त्या वीस मिनिटांत दोघं जण उन्हाने खाली बसले, हे पुण्यात कसं धरायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मग नळ उघडला. पहिला मान अर्जदाराला दिला पाहिजे असं कोणीतरी ओरडलं. तो पुढे झाला, पेला भरला, गटागट प्याला, पुन्हा भरला. त्याचे डोळे पाण्याने नाही तर कशाने ओले झाले होते ते मला दिसलं, आणि मी कूलरवर टांगलेल्या चौकटीतल्या माझ्या सहीकडे बघून जरा छाती पुढे काढली.

माठ त्याच दिवशी फुटक्या सामानाच्या खोलीत गेले. मावशीच्या हातात झाडू आला. कैरीच्या फोडींना आरोग्याला अपायकारक म्हणून बंदी झाली, तशी नोटीसच लागली.

पंधरा दिवसांनी कॅन्टीनमध्ये मी त्याच्या शेजारच्या बाकावर होतो. त्याने वाढप्याकडे मीठ मागितलं. वरणावर टाकलं, भातावर टाकलं, आणि उरलेलं बोटाने टिपून नुसतंच चाटलं. मग समोरच्याच्या डब्यातल्या लोणच्याकडे बघत राहिला.

"घे ना गा," समोरचा म्हणाला. "असा काहून पाहून राहिला?"

त्याने फोड उचलली, चोखली, साल चावून खाल्लं, वर वाटीतला खार प्याला. बाकावरचे सगळे थांबून बघायला लागले.

"कितवा महिना व्हय?" पलीकडून एक जण म्हणाला.

"पयला असंन. आंबट पयल्यातच लागते."

"वहिनीले सांगाव लागते, चोळी-बांगडी कर म्हणा नवऱ्याची!"

बाकावर हशा झाला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. तो हसला नाही. हात धुतला आणि उठून कूलरकडे गेला. दोन पेले प्याला. दुसऱ्या दिवसापासून त्याने कॅन्टीनमध्ये मीठ मागितलं नाही. अळणी तर अळणी, मुकाट्याने जेवायचा. पुरुषाला आंबट-खारट मागायची लाज वाटते. आमच्याकडे ती मागणी गर्भारशीच्या नावावर जमा आहे, आणि तिच्याही बाबतीत आपण ओटी भरून मोकळे होतो, कारण विचारत नाही.

आठवड्याने तो पहिल्यांदा पडला. पाळी संपायला तासभर होता. पोटऱ्यांत गोळे आले, मग मांड्यांत, मग पोटात. स्नायू कातडीखाली उंदरासारखे पळताना दिसत होते असं बघणाऱ्यांनी सांगितलं. मशीन थांबवावं लागलं, खळीत राहिलेलं सूत वाया गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी दिलं, पोटऱ्या चोळल्या, दोन तासांनी तो चालत घरी गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. यावेळी शेजारच्या मशीनवरचा एक जणही पाय धरून बसला. त्याचं लवकर थांबलं. तो रोज घरून मिरचीचा ठेचा आणि कांदा-मीठ आणायचा, हे तेव्हा कोणी ध्यानात घेतलं नाही.

ऑफिसरांच्या ध्यानात मात्र दुसरंच आलं. त्यांना बिहार की बंगालमधल्या कुठल्याशा गिरणीतला संथ कामाचा लढा आठवला.

"पाणी दिलं, थंड पाणी दिलं," ते मला म्हणाले. "आता हे नाटक. अर्ज करणारा तोच, पडणारा तोच. योगायोग समजायचा का?"

त्याला आरोपपत्र मिळालं. काम टाळण्यासाठी आजाराचं सोंग करणे, उत्पादनाचं नुकसान करणे. चौकशी सोमवारी. तोवर कामावर यायचं, आणि पुन्हा असा प्रकार घडल्यास बडतर्फी. त्याला दोन मुली होत्या, धाकटीचं बारसं उन्हाळ्याआधीच झालं होतं.

शुक्रवारी मी नमुने धूत होतो तर मावशी झाडू घेऊन प्रयोगशाळेत आली. झाडायचं काही नव्हतं.

"तुमची सही हाय नाही का त्या मशीनीवर?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग तुमीच पाडून राहिले त्या पोट्ट्याले."

मी म्हणालो, "मावशी, त्या पाण्यात काहीही नाही. मी स्वतः तपासलंय."

"तेच तं म्हणून राहिली मी. काहीच नाही त्याच्यात!" तिने झाडू भिंतीला टेकवला. "माह्या माठात होतं."

"तुमच्या माठात विहिरीचा खार होता."

"इहिरीचा?" ती अशी हसली की मला घाम फुटला. "इहीर गोड हाय, बावा. उन्हाया लागला का मी एकेका माठात मूठ-मूठ मीठ टाकत होती. मालक माहे इंजनावर कोयसा टाकत. त्यायचं शिकलेलं. भट्टीपुढं जो नुसतं पाणी पेते त्याचे पाय वयतात, ते म्हणत. कोणाले सांगतलं नाही मी. सांगतलं असतं तं सायब म्हणाले असते, मीठ कोणाच्या हुकमानं टाकते?"

ती गेल्यावर मी बाटली घेऊन विहिरीवर गेलो. पाणी तपासलं. गोड. मग माठाच्या जुन्या नोंदीतला आकडा काढला आणि कागदावर हिशेब मांडला. चाळीसेक लिटरच्या माठात एक मूठ, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम. नेमका तेवढाच आकडा माझ्या अहवालात होता. मी विहीर तपासतोय असं समजून एका बाईची मूठ मोजली होती, आणि त्या मुठीला दूषित ठरवून काढून टाकलं होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकं अचूक मोजमाप मी दुसरं केलेलं नाही.

संध्याकाळी सुटताना त्याला गाठलं. सगळं सांगितलं. "सोमवारी एवढंच म्हणा," मी म्हणालो, "की कूलरच्या पाण्याने झालं. मी साक्ष देतो."

तो थांबला. "कूलरचं नाव घ्याचं नाही."

"अहो, नोकरी जाईल."

"माहीत हाय. मी म्हणलं कूलरनं झालं, तं मंगळवारी कूलर जाते अन् माठ येते. दोन वर्सं मी ह्याच्यासाठी कागद घासले. आता ओंजळ करून उभा राहू?"

"मग काय करायचं?"

"तुमी शिकलेले. तुमीच सांगा, मीठ पाह्यजे का माठ पाह्यजे?"

हा प्रश्न रात्रभर डोक्यातून गेला नाही. सकाळी मी गिरणीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते निवृत्तीला आलेले, कंटाळलेले, पण बुद्धीने जागे होते. मावशीच्या मुठीचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"कोळशाच्या खाणीतल्या लोकांचे गोळे," ते म्हणाले. "परीक्षेला मी यावर टीप लिहिली होती. आणि समोर पेशंट आला तर ग्लुकोज पाजलं!"

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मला बॉयलरमुळे लगेच कळलं. रक्तातलं मीठ एका पातळीवर राखायला शरीर फार हट्टी असतं. घामातून मीठ जातं. नव्याने उष्णतेत आलेल्या माणसाच्या घामातून जास्त जातं, मुरलेल्याच्या कमी. हा तर एप्रिलातच आलेला, आणि बाटलीभर पाण्यावर राहणारा माणूस कूलर आल्यापासून पेल्यामागून पेले पिणारा. त्यावर नुसतं पाणी पीत राहिलं की उरलेलं मीठ आणखी पातळ होतं, आणि स्नायू बिथरतात. तोवर मूत्रपिंडं गप्प बसलेली नसतात. ती बाहेर जाणाऱ्या मिठाला दार लावून घेतात. आणि जीभ मागायला लागते. एरवी तोंड वाकडं करायला लावील इतकं खारट तिला तेव्हा गोड लागतं.

"आणि आंबट?" मी विचारलं. "आंबटात कुठे मीठ असतं?"

"नसतं. पण कोरड्या तोंडाला पाणी सुटतं. आणि तू आजवर बिनमिठाची कैरी खाल्ली आहेस का? आपल्या जिभेने ती जोडीच पाठ केलेली असते. एक मागितलं की दुसरं येतं."

"म्हणजे डोहाळेही मिठाचेच?"

"पोटुशीच्या अंगात रक्त वाढतं, पाणी वाढतं, मीठही लागतं. पण सगळे डोहाळे त्याचेच, असं मी लिहून देणार नाही. ती माती खाते, कोळसा खाते. मला कळत नाही ते मला कळत नाही." मग ते चष्मा पुसत म्हणाले, "आणि मीठ मागणारा प्रत्येक जण मिठाला मुकलेला असतो असंही नाही. बहुतेकांना नुसती सवय असते. जीभ तराजू नव्हे. म्हणून तर मोजायचं."

मोजायचं कसं, तेही त्यांनीच जुन्या पुस्तकातून काढलं. दहा थेंब लघवी, एक थेंब क्रोमेट, मग ठराविक ताकदीचं सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने. जितक्या थेंबांनी विटकरी रंग येईल तितके ग्रॅम मीठ एका लिटरमध्ये. रोज सकाळी बॉयलरला जे करत होतो तेच. फक्त द्रावणाची ताकद वाढवायची होती, ती मी दुपारपर्यंत वाढवली.

त्या दुपारीच तो तिसऱ्यांदा पडला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तो टेबलावर दात आवळून पडला होता, आणि दारात मावशी उभी होती. डॉक्टरांनी आधी लघवीसाठी रिकामी बाटली पुढे केली. "पहिलं हे. मग औषध."

"आता हे कायले?" तो कण्हत म्हणाला.

"तुमचा कूलर वाचवायला," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाटली घेतली. गोळे आलेल्या माणसाला ते किती अवघड असतं ते ज्याने बघितलं त्यालाच ठाऊक. बाटलीला डॉक्टरांनी बूच लावून वर सहीचा कागद चिकटवला. मग मी दोन पेले केले. एकात माठाइतकं मीठ, दुसऱ्यात त्याच्या सातपट. मला जिभेची साक्षही हवी होती. त्याने पहिला घोट घेतला. "पाणी हाय." दुसरा घेतला, आणि पेला खाली ठेवलाच नाही.

"हे काय हाय? मस्त हाय."

डॉक्टरांनी तोच पेला चाखून बेसिनमध्ये थुंकला. मग त्यांनी बेताचं मीठपाणी घोटाघोटाने द्यायला सांगितलं. तासाभरात गोळे सुटले. मावशीने कमरेच्या पुरचुंडीतून कैरीची फोड काढली आणि हात पुढे केला. वरून नाही, सरळ आपल्या तळहातावर ठेवून. त्याने ती उचलली.

"नोटीस हाय मावशी, कैरी बंद हाय," तो म्हणाला.

"माह्या नोकरीची तू काळजी नको करू गा. झाडूच हाय, आनखी काय हिसकतीन?"

सोमवारी चौकशीच्या टेबलावर मी परीक्षानळ्यांचा स्टँड ठेवला तेव्हा ऑफिसरांनी विचारलं, "हे काय, शाळेचं प्रदर्शन?"

डॉक्टरांनी बाटलीवरची सही दाखवली. शनिवारी तिसरा प्रकार घडला होता, म्हणजे बडतर्फीचा कागद टाइप होऊन तयार होता. तो ऑफिसरांच्या कोपराखाली मला दिसत होता. मी दहा थेंब घेतले, क्रोमेट टाकलं. पिवळं. सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडला. नळी लगेच विटकरी झाली.

"म्हणजे?"

"म्हणजे शनिवारी याच्या शरीराकडे बाहेर टाकायला लिटरमागे ग्रॅमभरही मीठ नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "सोंग पायाचं करता येतं. हे करता येत नाही."

"हे रंग तुम्ही काहीही दाखवाल," ऑफिसर म्हणाले. "सगळ्यांचंच असं होत नसेल कशावरून?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. माझी स्वतःची बाटली होती, आठ थेंब लागले. आरोप ज्याच्यावर होता त्याची त्याच सकाळची होती, दोन दिवसांच्या मीठपाण्यानंतरची. पाच थेंब. ऑफिसरांची शंका तरीही उरली. तेव्हा डॉक्टरांनी अत्यंत नम्रपणे एक रिकामी बाटली त्यांच्यापुढे सरकवली. बोलून गेले होते, आता माघार अवघड होती. ते उठून गेले, आले. मी थेंब सोडू लागलो. सहा. आठ. दहा. टेबलाभोवतीचे सगळे मोजत होते. चौदाव्या थेंबाला रंग आला.

"सगळ्यात जास्त माझे?" ऑफिसरांनी विचारलं, आणि त्यांच्या स्वरात स्पष्ट समाधान होतं.

"सगळ्यात जास्त," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला जेवताना पापड-लोणचं लागतंच ना? दवाखान्यात येऊन जा. रक्तदाब बघू."

मग ऑफिसर आपल्या हुद्द्याला शोभेल असं बोलले. चूक पाण्याची असेल तर कूलर काढून माठ परत आणावेत, तसा प्रस्ताव ते आजच पाठवतील.

तो उभा राहिला. "कूलर राह्यते," तो म्हणाला. "कमी मिठाची हाय, पाण्याची नाही. कूलरपाशी मिठाचा डबा ठेवा. ज्याले लागन तो आपल्या हातानं घेईन."

"आणि हे कोणी ठरवलं?"

"मी," मी म्हणालो. "विहिरीचा अहवाल चुकीचा होता. मी माठ तपासला, विहीर नाही. माठात मावशीने टाकलेलं मीठ होतं, गुण त्या मिठाचा, माठाचा नाही. तसं लेखी देतो." आणि खिशातून ते लेखी काढून टेबलावर ठेवलं. रविवारी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं होतं. त्यात मावशीच्या मुठीचा आकडाही होता, ग्रॅममध्ये.

बडतर्फीचा कागद कोपराखालून बाहेर आला नाही. त्याऐवजी तीन दिवसांनी नोटीस लागली. व्यवस्थापनाने कामगारांच्या हिताचा सखोल विचार करून लवणपुरवठ्याची योजना आखली आहे. योजना म्हणजे झाकणाचा एक डबा, एक चमचा, आणि कैरीच्या फोडींची परात. देखरेखीला मावशी. हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि रक्तदाबाचे दुखणे असलेल्यांनी डब्याला हात लावू नये, अशी ओळ डॉक्टरांनी खाली हाताने लिहिली. चमचा आठवडाभरात हरवला. त्यानंतर चिमूट चालायची, सगळ्यांची, त्याच डब्यात. यावर पहिले काही दिवस दोघा-तिघांनी नाक मुरडलं. मावशी त्यांना म्हणायची, "मिठाले इटाळ लागत नाही. नसन घ्याचं तं पाय वयू द्या."

मी चौकटीची काच काढून माझ्या सहीखाली एक ओळ वाढवली. घाम गाळणाऱ्याने हे पाणी मिठासह प्यावे. कोणाची परवानगी घेतली नाही. चौकट कोणी वाचत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जूनच्या मध्याला तो प्रयोगशाळेत आला. गोळे पुन्हा आले नव्हते. मी शनिवारचा तो कडक पेला पुन्हा बनवला, तेच माप, आणि त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला आणि धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकला.

"काय पाजून राहिले गा सायब? समुद्र हाय का हा?"

"त्या दिवशी मस्त म्हणाला होतात."

"मी?" तो तोंड पुसत म्हणाला. "शक्यच नाही."

मी वहीत तारीख घातली आणि लिहिलं, द्रावण तेच, जीभ बदलली. मग त्याने विचारलं की डब्यातलं मीठ खड्याचं मिळेल का, बारीक मीठ ओल्या हाताला चिकटतं. त्याने त्यासाठी अर्ज लिहून आणला होता.